डोक्याला किरकोळ मार लागल्यावर मैदानावर परत कधी आणि कसं? कबड्डी खेळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांसाठी सूचना

पालकहो,

सांगलीत आम्ही सराव घेतो त्या मॅटवर गेल्या पावसाळ्यात एका बुधवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास हे घडलं. आठवीतला मुलगा, आमच्या संघाचा डावा कोपरा. चढाईपटू बोनसला पाय टाकायला आला, यानं खाली वाकून घोटा धरला आणि सुटायच्या झटापटीत चढाईपटूचा गुडघा याच्या उजव्या कानशिलावर बसला. मुलगा पडला आणि लगेच उठलाही. टेंगूळ नाही, रक्त नाही. पण उठल्यावर तो स्वतःच्या कोपऱ्यात न जाता मध्ये जाऊन उभा राहिला. मी विचारलं, "शेवटचा गुण कुणी घेतला?" त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि जरा वेळानं म्हणाला, "सर, मला काय झालं नाही."

प्रश्न एक, उत्तर भलतंच. त्या उत्तरावर मी त्याला मॅटच्या बाहेर बसवलं. पुढं तो पुरा सराव करू लागला पंचविसाव्या दिवशी आणि सामना खेळला अठ्ठाविसाव्या दिवशी. मधल्या काळात त्याच्या आईवडिलांनी मला जे जे विचारलं, तेच तुमच्यापैकी कुणीही विचारलं असतं. म्हणून त्याचेच दिवस समोर ठेवून सगळं सांगतो.

आधी हे "किरकोळ" म्हणजे काय ते पाहू. डोक्याला धक्का बसला की कवटीच्या आत मेंदू हलतो. कवटी फुटत नाही, रक्तस्राव होत नाही, पण मेंदूच्या पेशींचं काम काही दिवस विस्कळीत होतं. याला डॉक्टर कन्कशन म्हणतात, आपण मेंदूला बसलेला हादरा म्हणू. बिघाड कामात असतो, रचनेत नसतो, म्हणून सीटी स्कॅनमध्ये तो दिसत नाही. स्कॅन नॉर्मल आला याचा अर्थ आत रक्तस्राव नाही एवढाच. हादरा बसलेला नाही असा तो दाखला नव्हे. आणि बेशुद्ध पडायलाच हवं असंही नाही, बहुतेक मुलं शुद्धीवरच असतात. त्या मुलाचे वडील मला फोनवर म्हणाले, "बेशुद्ध तर पडला न्हाई, टेंगूळ बी न्हाई, मग कशाला घाबरायचं?" त्यांचा प्रश्न साधा होता, पण टेंगळाचा आकार आतल्या हादऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, उजेड किंवा गोंगाट सहन न होणं, गोंधळ, मंदपणा, आठवण नसणं, उगाच चिडणं किंवा रडणं, यांतलं एक जरी दिसलं तरी आम्ही हादरा बसला असं धरतो. डॉक्टरांनी नाही म्हणेपर्यंत तसंच धरतो.

त्या दिवशी मुलगा परत मॅटवर येणार नाही. दहा मिनिटांनी बरं वाटलं तरी नाही, सामना एका गुणावर अडला असला तरी नाही. हा नियम मी पूर्वी पाळत नव्हतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्पर्धेत अशाच एका पोराच्या तोंडावर पाणी मारून मीच त्याला परत आत पाठवलं होतं. पाच मिनिटांत तो पुन्हा आपटला, रात्रभर ओकत राहिला आणि सहा आठवडे शाळेत बसू शकला नाही. तो बरा झाला, पण ती चूक माझी होती. पहिला हादरा ओसरायच्या आत दुसरा बसला तर बरं व्हायला फार जास्त दिवस लागतात, आणि कोवळ्या वयात क्वचित मेंदूला सूज येऊन जिवावरही बेततं. क्वचित होतं हे खरं, पण कुणाला होईल हे आधी ओळखता येत नाही.

पहिली रात्र

पुढच्या गोष्टी दिसल्या तर उद्याची वाट पाहू नका, १०८ला फोन करा किंवा सरळ सिव्हिलला न्या: पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका येणं, बेशुद्धी (क्षणभराची असली तरी), हाक मारून नीट जाग न येणं, वाढता गोंधळ किंवा विचित्र वागणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, हातापायात अशक्तपणा किंवा मुंग्या, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव. मान दुखते असं म्हणाला तर त्याला उठवून बसवू नका, आहे तसाच निजवून मदत बोलवा.

यांतलं काही नसलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी. पहिले चोवीस तास घरातलं मोठं माणूस जवळ हवं. "झोपू देऊ नका" असं शेजारपाजारचे सांगतात. डॉक्टरांनी पाहिलं असेल आणि वरची लक्षणं नसतील तर झोपू द्या, झोपेनं मेंदूला आरामच मिळतो. त्यांनी रात्री उठवून पाहायला सांगितलं असेल तर तसं करा. दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं, वजनाप्रमाणे आणि डॉक्टरांना विचारून. आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिन मात्र घरातल्या डब्यातून काढून देऊ नका, कारण आत रक्तस्राव असेल तर ती तो वाढवू शकतात. कानशिलाला तेल चोळून दाबू नका. कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवला तर हरकत नाही.

कधी मार लागूनही मुलाला काहीच होत नाही. तरीसुद्धा त्या दिवशी खेळ बंद, आणि पुढचे दोन दिवस लक्ष ठेवायचं, कारण लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही उमटतात. दोन दिवस स्वच्छ गेले तर पुढच्या पायऱ्यांची गरज नाही.

विश्रांती किती

पूर्वी अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहायला सांगत. आता तसं करत नाहीत. २०२२ साली अॅमस्टरडॅमला खेळातल्या कन्कशनवर जगभरचे तज्ज्ञ जमले होते. त्यांनी मांडलेला क्रम असा: पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, मग हळूहळू हालचाल. बेताची म्हणजे घरातल्या घरात वावर, जेवण, गप्पा, थोडं चालणं. पलंगाला खिळायचं नाही. या दोन दिवसांत मोबाइल आणि टीव्ही जवळजवळ बंद ठेवा. याचं सगळ्यात जास्त भांडण घरी होतं हे मला माहीत आहे, म्हणून मोबाइल आईच्या पर्समध्ये गेला तर बरं.

एक वही करा. रोज सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी व्यायामाआधी व नंतर मुलाला विचारा, "डोकं दहापैकी किती दुखतंय?" शून्य म्हणजे काहीच नाही. चक्कर, मळमळ यांचंही तसंच. पायरी चढायची की थांबायचं ते या आकड्यावर ठरतं. नियम असा की हालचालीनं आकडा फार तर दोननं वाढला आणि तासाभरात पूर्ववत झाला तर ते चालतं. त्याहून जास्त वाढला किंवा तासाभरात उतरला नाही तर त्या दिवसाचा व्यायाम थांबवायचा आणि दुसऱ्या दिवशी हलक्या हालचालीपासून पुन्हा सुरुवात करायची. गोळी घेऊन आकडा खाली आणून पायरी चढायची नाही, कारण मग आकडा खरा राहत नाही.

पायऱ्या, कबड्डीच्या भाषेत

एकूण सहा. एका पायरीला किमान एक पूर्ण दिवस. पहिल्या तीन पायऱ्या थोडी लक्षणं असतानाही चालतात. चौथीपासून वर मात्र लक्षणं पूर्ण गेलेली हवीत.

पहिली पायरी रोजची साधी हालचाल: अंगणात, गल्लीत सावकाश चालणं. आमचा डावा कोपरा दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं चालला, आकडा दोनवरून तीन झाला आणि अर्ध्या तासात उतरला. पायरी पार.

दुसऱ्या पायरीत नाडी थोडी वाढवायची, पण डोकं हादरू द्यायचं नाही. आधी हलकं, मग मध्यम. हलकं म्हणजे नाडीच्या कमाल वेगाच्या सुमारे ५५ टक्के, मध्यम म्हणजे ७० टक्क्यांपर्यंत. कमाल वेग ढोबळमानानं २२० वजा वय. तेरा वर्षांच्या मुलाचा २०७. म्हणजे हलक्या व्यायामात मिनिटाला ११४च्या आसपास आणि मध्यममध्ये १४५पर्यंत. घड्याळ लावून अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवा आणि पंधरा सेकंद मोजा: हलक्यात २८ ठोके, मध्यममध्ये ३६. मोजायला जमत नसेल तर बोलतं करा. हलक्या चालीत तो आरामात गोष्ट सांगू शकतो, मध्यममध्ये वाक्यं तोडून बोलतो. व्यायाम म्हणजे सपाट जागेवर भरभर चालणं, आमराईतल्या फेऱ्या उत्तम. घरात स्थिर सायकल असेल तर तीही चालेल. रस्त्यावरची सायकल मात्र या काळात नको. तोल जाऊन पुन्हा डोक्यावर पडण्याची भीती असते, आणि विश्रामबागेपासून स्टँडपर्यंतच्या गर्दीत लक्ष चटकन वळायला हवं, ते या दिवसांत वळत नाही. शाळेत सोडायची व्यवस्था करा.

इथंच आमच्या मुलाचं अडलं. सहाव्या दिवशी तो आमराईत मध्यम वेगानं धावला. आकडा एकवरून चारवर गेला आणि रात्री झोपेपर्यंत तसाच राहिला. वडील हताश होऊन म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून?" पहिल्यापासून नाही. सातव्या दिवशी तो फक्त भरभर चालला आणि ते जमलं. आठव्या दिवशी परत मध्यम. एकवरून दोन, वीस मिनिटांत उतरला. असं एकदा मागं येणं नेहमीचं आहे. मेंदू बिघडला असा त्याचा अर्थ लावू नका, त्या दिवशी भार जास्त झाला एवढंच.

तिसरी पायरी एकट्याचा कबड्डी सराव. मॅटवर, पण समोर कुणी नाही. धावणं, वळणं, मध्यरेषेपासून निदान रेषेपर्यंत आणि परत, बोनस रेषेवर पाय टाकून मागं येणं, कोपऱ्यात उभं राहून पावलांची हालचाल. सूर मारणं नाही, घोटा धरायला खाली झेपावणं नाही, डोकं आपटू शकेल असं काहीही नाही. कबड्डी-कबड्डीचा दमही आम्ही या पायरीवर घ्यायला लावत नाही. हा माझा स्वतःचा निर्णय आहे: दम धरून जोर लावला की डोकं ठणकतं आणि मग दुखणं दमाचं की हादऱ्याचं ते कळत नाही.

चौथ्या पायरीला मुलगा संघात येतो, पण अंगाला अंग न लावता. चढाईचा पूर्ण वेग, दमासह. बचावफळी उभी असते, पण पकड करत नाही. या पायरीच्या आधी मला दोन गोष्टी लागतात: लक्षणं पूर्ण गेल्याची वहीतली नोंद आणि डॉक्टरांची लेखी परवानगी. वेगात चुकून टक्कर होऊ शकते म्हणून ती चिठ्ठी इथंच मागतो, सामन्याच्या आदल्या दिवशी नाही. या पायरीपासून पुढं कधीही लक्षण परत आलं तर तिसऱ्या पायरीवर मागं यायचं.

पाचवी पायरी पकडीसह पूर्ण सराव. घोटा, कंबर, साखळी, सगळं. सहावी पायरी सामना.

दिवसांचा हिशेब

"म्हणजे सहा पायऱ्या, सहा दिवस, पुढच्या आठवड्यात तालुक्याला उतरेल ना?" हा प्रश्न मला दरवर्षी ऐकायला मिळतो. उत्तर नाही असं आहे. एका पायरीला किमान एक दिवस लागतो म्हणून सहा दिवसांत सामना मिळेल असं होत नाही. बहुतेक मुलं महिनाभरात बरी होतात, पण मोठ्या माणसांपेक्षा मुलांना जास्त दिवस लागतात. आमच्यासारख्या, सोबत डॉक्टर नसलेल्या खेळगटांसाठी ब्रिटननं २०२३ साली नियम केले आणि आम्ही तेच घेतले आहेत, कारण ते आमच्या परिस्थितीला लागू पडतात. आराम करत असताना सलग १४ दिवस एकही लक्षण नसेल तरच पकडीचा सराव. आणि मार लागल्यापासून २१ दिवसांच्या आत सामना नाही, मग मूल कितीही ठणठणीत दिसो.

डाव्या कोपऱ्याचा हिशेब बघा. मार लागला तो दिवस शून्य धरू. त्याचं शेवटचं लक्षण, हलकी डोकेदुखी, दहाव्या दिवशी होतं. अकराव्यापासून चोविसाव्या दिवसापर्यंत चौदा दिवस पूर्ण होतात. म्हणून पकडीचा सराव पंचविसाव्या दिवशी. तीन दिवस सराव करून पाहिला, काही झालं नाही, अठ्ठाविसाव्या दिवशी सामना. तालुक्याची शालेय स्पर्धा अकराव्या दिवशी होती, ती हुकली. तो बाहेर बसून रडला. त्या दिवशी त्याच्याशी बोलणं मला सगळ्यात जड गेलं, पण त्याला मॅटवर पाठवायचं मनातही आलं नाही. अकरा ते चोवीस या दिवसांत तो रिकामा बसला नव्हता. शाळा पूर्ण वेळ सुरू होती, तिसरी पायरी झाली, डॉक्टरांची चिठ्ठी आली आणि चौथ्या पायरीवर तो आठवडाभर होता. बाहेरून चढाईपटूंच्या पायांकडे बघून "हा डाव्या पायानं बोनस घेतो" असं सांगायलाही शिकला.

चार आठवडे उलटूनही लक्षणं असतील तर पायऱ्या थांबवा आणि न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. मिरजेत सोय आहे.

आधी शाळा, मग मॅट

पूर्ण वेळ शाळा जमत नसेल तर पकडीचा सराव नाही. शाळेचंही चढत जाणंच असतं. पहिल्यांदा घरी वीस-वीस मिनिटं वाचन, मध्ये विश्रांती. मग मधल्या सुट्टीपर्यंत शाळा. मग पूर्ण दिवस. मग चाचणी, परीक्षा आणि संध्याकाळचा क्लास. आमच्या मुलानं पाचव्या दिवशी अर्धी शाळा केली आणि नवव्या दिवशी पूर्ण. पूर्ण दिवसाच्या शेवटच्या तासाला गणितात फळ्यावरचं वाचताना त्याचं डोकं दुखू लागलं, म्हणून वर्गशिक्षिकेनं त्याला पुढच्या बाकावर घेतलं आणि दोन दिवस वहीत उतरवायचं कमी केलं. वर्गशिक्षकांना तुम्हीच आधी भेटा. मुलं शिक्षकांना सांगत नाहीत, आणि मंदावलेलं पोर आळशी ठरतं. पीटीचा तास आणि मधल्या सुट्टीतली पकडापकडीही या काळात बंद.

दोन मैदानं असली तर

आपल्याकडे पुष्कळ मुलं संध्याकाळी कबड्डी आणि पहाटे तालीम करतात. मी मॅटवरून बाहेर काढलेला मुलगा दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आखाड्यात उतरला तर माझ्या नियमाचा काही उपयोग नाही. तुमच्या मुलाच्या वस्तादांना, क्रिकेटच्या सरांना, पोहायच्या वर्गाला त्याच रात्री सांगा. गणपतीच्या दिवसांत लेझीम, ढोल-ताशा पथक असेल तर तिथंही. ढोल अंगावर घेऊन तासभर उभं राहणं आणि तो आवाज, दोन्ही या दिवसांत लक्षणं वाढवतात.

आणि मुलाला लपवायला भाग पाडू नका. डाव्या कोपऱ्यानं नवव्या दिवशीचं दुखणं पहिल्यांदा आईपासून लपवलं होतं, कारण तालुका जवळ आला होता. वहीत शून्य लिहिलं. आईला कळलं ते जेवताना: ट्यूबलाइटचा उजेड नको म्हणून त्यानं ताटावर हात धरला होता. तिनं वहीतलं शून्य खोडून दोन केलं आणि मला फोन केला. म्हणून आता वहीत मुलाचा आकडा आणि आईचा किंवा वडिलांचा आकडा असे दोन रकाने ठेवतो. दोन्हींत फरक आला की जो जास्त तो धरतो.

ज्या दिवशी मार लागेल त्या रात्री माझा फोन येईल असं समजा. मी नसेन तर सरावाचे दुसरे सर करतील. फोनवर चार गोष्टी विचारू: उलटी झाली का, डोकं दहापैकी किती, नेहमीसारखा बोलतोय का, जवळ कोण झोपणार आहे. उत्तरं तयार ठेवा. परत येताना वही आणि डॉक्टरांची चिठ्ठी मुलाच्या हाती पाठवू नका, तुम्ही स्वतः घेऊन या. सराव सुरू व्हायच्या आधी, साडेपाचला. मॅट अंथरेपर्यंत आपण दोघं बसून ती वही वाचू.